स्लॅबवरचा डाग

मागच्या लेखात विटेच्या तुकड्याबद्दल लिहिलं होतं. आज सिनेमाबद्दल लिहिते आहे, पण वीट मधेमधे येणारच. घाबरू नका, समीकरण एकच आहे आणि तेही छोटं. आणि हो, 'डार्क वॉटर' (२००२) पाहिला नसेल आणि पाहायचा असेल, तर आधी पाहून या. मी शेवटासकट सगळं सांगणार आहे.

झालं असं की गेल्या पावसाळ्यात माझ्या खोलीच्या छताला ओल आली. नागपुरात मी राहते ती बिल्डिंग जुनी, चार मजली, लिफ्ट नसलेली. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर. पलंगाच्या बरोबर वर, पंख्याच्या हुकापासून वीतभर अंतरावर एक डाग उमटला, साधारण चहाच्या बशीएवढा. घरमालकांना फोन केला तर ते म्हणाले, "तुमच्याच बाथरूमची वाफ असेल, खिडकी उघडी ठेवत जा." आईला वरूडला फोन केला तर तिला मुळात तक्रारच कळेना. "काहून वं, पाणी खाली येऊन राह्यलं अन् तू रडून राह्यली? इकडे हजार फूट बोअर मारला तरी धूळ निघते."

आईचं चूक नाही. वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात पाणी म्हणजे खाली खाली जाणारी गोष्ट. संत्र्याच्या बागा वाढल्या, बोअर खोल गेले, आमच्या तालुक्याला 'ड्राय झोन' म्हणायची सवय लागली. आमच्याकडच्या भीतीच्या गोष्टीत विहीर येते ती बहुतेक कोरडी. त्यामुळे पाणी डोक्यावरून, न बोलावता, दुसऱ्याच्या घरातून आपल्या घरात येतं, ही भीती मला फ्लॅटमध्ये आल्यावरच शिकावी लागली. त्या डागाखाली झोपून मी हिदेओ नाकाताचा 'डार्क वॉटर' पाहिला. आणि मग माझी पीएचडी भिंतीत ओल कशी सरकते याच्यावर असल्यामुळे, दुसऱ्यांदा पाहताना मी वही घेऊन बसले.

मराठी वाचकाला भुताचं घर म्हटलं की वाडा आठवतो, नाहीतर गावाबाहेरचा बंगला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी आपल्या दोन-तीन पिढ्यांना रात्री दिवा चालू ठेवून झोपायला लावलं. त्यांनी शहरातली साधी घरंही वापरली, पण आपल्या मनात घट्ट बसलेली जागा वाड्याचीच. वाड्याच्या भुताला घराणं असतं. कोण मेलं, का मेलं, कुणाचा शाप, हे सांगणारी एखादी म्हातारी गावात असतेच. अपार्टमेंटचं तसं नसतं. तिथे घराणं नाही, आधीचा भाडेकरू आहे. तो कोण होता हे वॉचमनला माहीत असतं, दलालाला माहीत असतं, आणि दोघांनाही फ्लॅट रिकामा ठेवायचा नसतो. त्यामुळे अपार्टमेंटमधल्या भयकथेत गूढ फार जुनं नसतं. ते फक्त लपवलेलं असतं, आणि लपवायचं कारण अगदी व्यवहारी असतं.

ही गोष्ट आपल्याकडे नीट ओळखली ती रामगोपाल वर्माच्या 'भूत'ने (२००३). मुंबईतली उंच इमारत, बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट, नवरा-बायको विशाल आणि स्वाती. आधीची भाडेकरू मंजीत बाल्कनीतून पडून मेलेली आहे. हे विशालला माहीत आहे आणि तो ते बायकोपासून लपवतो, कारण घर चांगलं आहे आणि त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. ही सुरुवात मला आजही आवडते. सिनेमात गाणी नाहीत, त्या काळी हिंदीत हे मोठंच धाडस होतं. लहानपणी टीव्हीवर पाहिला तेव्हा आमच्या घराला वरचा मजलाच नव्हता, तरी मी आठवडाभर छताकडे पाहत झोपायचे.

आता पुन्हा पाहिल्यावर मात्र त्याची अडचण दिसते. मंजीत मेली आहे आणि ती याच घरात राहत होती, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत. मग ती दिसूही लागते, आणि दिसते तेव्हा कानठळ्या बसवणारा आवाज येतो. पहिल्या दोन-तीन वेळा आपण दचकतो. त्यानंतर आपण आवाजाचीच वाट पाहू लागतो. भूत आहे की नाही हा प्रश्न लवकर सुटला, की सिनेमाला पुढे न्यायला दुसरं काहीतरी लागतं. मग डॉक्टर येतात, पोलीस येतात, मांत्रिक बाई येते, खुनाचा तपास होतो. ऊर्मिला मातोंडकरचं काम जबरदस्त आहे, पण उत्तरार्धात ती इमारत कुठे गेली हे शोधावं लागतं. गोष्ट कुठल्याही घरात घडू शकली असती.

'डार्क वॉटर' याच्या एक वर्ष आधीचा. मूळ कथा कोजी सुझुकीची, ज्याच्या कादंबरीवरून नाकातानेच १९९८ मध्ये 'रिंगू' केला होता. जपानी नावाचा अर्थ साधारण 'अंधुक पाण्याच्या तळातून' असा होतो. गोष्ट दोन ओळींची आहे. योशिमी नावाची बाई घटस्फोट घेते आहे, पाच-सहा वर्षांच्या मुलीचा, इकुकोचा, ताबा कुणाला मिळणार यावर कज्जा चालू आहे. हातात पैसे कमी, म्हणून ती एका जुन्या, कळकट इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ३०५ नंबरचा फ्लॅट घेते. छतावर ओलीचा डाग आहे. वर ४०५ आहे.

एवढंच. आणि जवळजवळ तासभर सिनेमा याच्या पुढे फारसा जात नाही. डाग वाढतो. वरून लहान मुलाच्या धावण्याचे आवाज येतात. लिफ्टमध्ये पाणी साचलेलं असतं. नळाच्या पाण्यात केस येतो. गच्चीवर एक लाल रंगाची लहान मुलीची पिशवी सापडते, ती फेकून दिली जाते, ती पुन्हा गच्चीवर सापडते. यातली एकही गोष्ट अशी नाही की जिच्यासाठी तुम्ही सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन केला तर तो हसेल. फार तर "बघतो" म्हणेल आणि बघणार नाही.

इथे मला विटेकडे यावं लागतं.

आमच्या लॅबमध्ये एक साधा प्रयोग असतो. विटेचा तुकडा ओव्हनमध्ये १०५ अंशावर पूर्ण वाळवायचा, चारही बाजूंना मेण नाहीतर इपॉक्सी लावून बंद करायच्या, आणि खालची बाजू दोन-तीन मिलीमीटर पाण्यात टेकवून ठेवायची. मग एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस मिनिटांनी उचलून, ओल्या फडक्याने टिपून वजन करायचं. वजनाचा आलेख वेळेसमोर काढला तर तो वाकतो. वेळेच्या वर्गमुळासमोर काढला तर सरळ रेषा येते:

i = S√t

i म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे किती पाणी शोषलं, t म्हणजे वेळ, आणि S हा त्या विटेचा स्वभाव. साध्या भाषेत, ओल पहिल्या तासात जेवढी सरकते, त्याच्या दुप्पट सरकायला तिला चार तास लागतात, चौपट सरकायला सोळा. कारण पाणी जितकं आत जातं तितकी त्याला मागून ओढत आणायची वाट लांब होते. ओल थकते म्हणा ना.

छतावरच्या डागाला हे जसंच्या तसं लागू होत नाही. तिथे पाणी एका बिंदूतून येतं, सगळीकडे पसरतं आणि पसरता पसरता वाळतही असतं. पण वाढ मंदावत जाते हे खरंच. एका टप्प्यावर जेवढं पाणी येतं तेवढं वाळतं, आणि डाग थांबतो. कडेला वाळणं जास्त असल्यामुळे पाण्यात विरघळलेला चुना, गंज, मळ कडेलाच जमतो आणि तपकिरी वळं तयार होतं. टेबलावर सांडलेल्या कॉफीच्या थेंबाला कडा का येते, यावर शिकागोच्या मंडळींनी १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर छापला होता. छतावरच्या डागाचं वळं त्याचंच चुलत भावंडं. जुन्या डागात अशी तीन-चार वळी एकात एक असतात. प्रत्येक वळं म्हणजे पाणी कधीतरी येऊन थांबलं होतं याची नोंद.

मी माझ्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहायला लागले. पलंगावर स्टूल, स्टुलावर मी. पहिल्या दिवशी चार बोटं वाढला, मग दोन, मग एक, आणि आठव्या-नवव्या दिवशी थांबला. अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे. मला बरं वाटलं. नियम पाळणाऱ्या गोष्टीची भीती वाटत नाही. मग बाराव्या रात्री तो एकदम वीतभर वाढला.

त्या रात्री मला जे वाटलं, ते नाकाताच्या सिनेमात तासभर वाटत राहतं. ही वाढ नियमात बसत नाही, म्हणजे वर काहीतरी बदललंय. वर कुणीतरी काहीतरी केलंय. कारण अगदी सामान्य निघालं. वरचं कुटुंब गावाला गेलं होतं, ते त्या संध्याकाळी परत आलं आणि बाथरूम वापरायला लागलं. यावरून गळती कुठली तेही कळलं. पिण्याच्या किंवा नळाच्या पाइपमधून गळत असेल तर घरात कुणी नसतानाही गळतं, कारण त्या पाइपात पाणी कायम दाबाखाली असतं. सांडपाण्याच्या पाइपमधून किंवा फरशीच्या सांध्यातून गळत असेल तर वापर झाला की गळतं. मी घरमालकांना तारखांचा फोटो पाठवला. वाफ गावाला जात नाही, असं लिहिलं नाही, पण लिहावंसं वाटलं होतं.

आता सिनेमाकडे. योशिमीच्या छतावरचा डाग प्रत्येक वेळी दाखवताना आधीपेक्षा मोठा असतो. नाकाता मधली वाढ दाखवत नाही. कॅमेरा डागावर रोखून ठेवून तो पसरताना दाखवणं सोपं होतं, आणि तसं केलं असतं तर तो डाग लगेच भुताचा झाला असता. तो आपल्याला दोन भेटींच्या मधे सोडून देतो. माणूस घरातला डाग असाच पाहतो, कामावरून आल्यावर, झोपताना, सकाळी. मधल्या वेळात काय झालं हे आपणच मनाने भरतो. आणि मनाने भरायचं म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात एक अंदाज असतोच, समीकरण माहीत नसलं तरी. आयुष्यभर भिंती पाहिलेल्या डोळ्याला कळतं की जुना डाग असा वाढत नाही. आपण भूत पाहिलेलं नसतं, पण काहीतरी चुकतंय हे आपल्याला पात्राच्या आधी कळतं.

संयम म्हणजे न दाखवणं, असं समीक्षेत सरसकट म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. काहीच न दाखवणारे कंटाळवाणे भयपट ढिगाने आहेत, रिकाम्या कॉरिडॉरवर मिनिटभर कॅमेरा धरला की झालं, असं समजणारे. नाकाता भरपूर दाखवतो. पण तो जे दाखवतो त्या प्रत्येकाचं एक साधं कारण शिल्लक ठेवतो. डाग म्हणजे खराब प्लंबिंग. पावलं म्हणजे वरची मुलं. पिशवी म्हणजे कुणाचीतरी हरवलेली वस्तू. साधं कारण जोवर जिवंत आहे तोवर प्रेक्षकाला दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो, आणि जुनी इमारत ही अशी कारणं पुरवणारी खाण आहे. नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये डाग पडला तर तो लगेच संशयास्पद होतो. जुन्या इमारतीत शंभर गोष्टी बिघडलेल्याच असतात, त्यात एकशेएकावी कोणती हे ओळखू येत नाही. 'भूत'मधली इमारत ठाकठीक आहे, त्यामुळे तिथे घडणाऱ्या गोष्टीला भुताशिवाय दुसरं कारणच उरत नाही.

पण एवढ्यावर तास निघत नाही. प्रेक्षक दहाव्या मिनिटाला विचारतो, बाई, घर का सोडत नाहीस? बहुतेक भयपटांकडे याचं बरं उत्तर नसतं. गाडी बंद पडते, पूल वाहून जातो, नवरा ऐकत नाही. योशिमीकडे उत्तर आहे आणि ते सिनेमातलं सगळ्यात भीतिदायक प्रकरण आहे.

ती ताब्याच्या कज्ज्यात आहे. पूर्वी ती प्रूफरीडर होती, तेव्हा भयंकर हिंसक मजकूर वाचावा लागला आणि तिची मनःस्थिती बिघडली होती. हे नवऱ्याच्या बाजूने तिच्याविरुद्ध काढलं जातं. आता अशा बाईने कुणाला सांगायचं की छतातून पाणी टपकतं आणि वरच्या रिकाम्या घरात कुणीतरी धावतं? जे तोंडातून निघेल ते उद्या कागदावर येईल. घर बदललं तर अस्थिर, घरात राहिली तर मुलीला ओलीत ठेवणारी. मुलीला शाळेतून आणायला उशीर झाला तर बेजबाबदार. म्हणजे गप्प राहणं ही दिग्दर्शकाची शैली नाही, योशिमीची गरज आहे. ती किंचाळत नाही कारण किंचाळणं तिला परवडत नाही. सिनेमाचा संथपणा तिच्या दबलेल्या श्वासाचा आहे, म्हणून तो कंटाळवाणा होत नाही.

'भूत'मध्येही एक लपवाछपवी आहे, विशालची. पण तो लपवतो ती गोष्ट प्रेक्षकाला माहीत आहे, आणि कळल्यावर त्याचं काही जाणार नाही, फार तर भांडण होईल. योशिमी लपवते तेव्हा तिची मुलगी पणाला लागलेली असते.

एक प्रसंग बघा. सगळं हाताबाहेर चाललेलं असताना किशिदा नावाचा वकील तिच्यासाठी उभा राहतो. तो इमारतीच्या मॅनेजरशी आणि एजंटशी बोलतो, दुरुस्ती करून घेतो, छत कोरडं होतं. हा सिनेमातला सर्वांत शांत भाग. एक समंजस माणूस आला, त्याने गळती म्हणजे गळती असं म्हटलं, आणि खरंच सगळं थांबलं. मला इथे दोन्ही वेळा सुटल्यासारखं वाटलं, दुसऱ्यांदा शेवट माहीत असूनही. आणि नाकाता भुताला नेमका याच्यानंतर आणतो, तेही भूत म्हणून नाही. ती लाल पिशवी घरातच निघते. बस.

मग योशिमी गच्चीवर जाते. इमारतीतून बेपत्ता झालेल्या मुलीची, मित्सुकोची, पोस्टर तिने आधी पाहिलेली आहेत. पिवळा रेनकोट, लाल पिशवी, हरवल्याची तारीख. गच्चीवर पाण्याची टाकी आहे आणि टाकी शेवटची कधी साफ केली त्याची तारीख तिथे आहे. दोन्ही तारखा एकच. ती तारखांकडे बघते. आपल्यालाही तेवढंच दिसतं, पण तेवढ्याने सगळं जुळतं. टाकी साफ करायला झाकण उघडलं होतं, त्या दिवशी पोरगी पिशवीसाठी वर चढली होती. आणि लगेच मागून दुसरा विचार येतो, जो सिनेमा शब्दात सांगत नाही. टाकीतलं पाणी नळाला येतं. सगळ्या मजल्यांच्या. आंघोळीला, भाताला, प्यायला.

या जागी मी सिनेमा थांबवून उठले आणि ग्लासातलं पाणी सिंकमध्ये ओतलं. सांगायला लाज वाटते, पण ओतलं.

हे दृश्य मला सबंध सिनेमाचं केंद्र वाटतं आणि त्यात एकही भूत नाही. एक तारीख आहे, रखरखाव विभागाची असते तशी. तासभर आपण डागाकडे बघत होतो, तो वरच्या फ्लॅटमधून येतो असं धरून चाललो होतो. खऱ्या इमारतीतही नेमकी हीच चूक होते. स्लॅबमधून उतरणारं पाणी जिथे आत शिरतं तिथेच खाली पडत नाही. ते सळीच्या, वायरच्या पाइपच्या कडेने आडवं धावतं आणि जिथे वाट मिळेल तिथे, बहुधा पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याच्या डबीशी, बाहेर येतं. प्लंबर डागाच्या बरोबर वरची फरशी फोडतो आणि काही सापडत नाही. नीट काम करणारा आधी वरच्या बाथरूमची मोरी बंद करून पाणी दोन दिवस साठवून ठेवतो, त्यात रंग टाकतो आणि खाली रंग उतरतो का पाहतो. आपण सिनेमाभर डागाच्या बरोबर वरची फरशी फोडत असतो. ४०५ मध्ये पाणी भरलेलं आहे हे खरं, पण मूळ त्याच्याही वर आहे, आणि ते सगळ्या इमारतीत पोहोचून झालेलं आहे.

इथून पुढे नाकाताचा हात थोडा सुटतो, हे मान्य करायला हवं. बाथटबचा प्रसंग, घाण पाणी, इकुकोला ओढणारे हात, हे भयपटाच्या प्रेक्षकाला दिलेलं देणं वाटतं. त्यानंतर योशिमी मुलीला उचलून लिफ्टमध्ये शिरते, दार लागत नाही, आणि तिला समोर कॉरिडॉरमध्ये इकुको फ्लॅटमधून बाहेर येताना दिसते. मग कडेवर कोण आहे? हा क्षण विलक्षण आहे. ओझं तेच आहे, वजन तेच आहे, फक्त मूल दुसरं आहे. पुढे मित्सुकोचा कुजलेला चेहरा दाखवला नसता तर मला जास्त आवडलं असतं. डाग, पिशवी, तारीख एवढ्यावर उभ्या केलेल्या सिनेमाला मेकअपची गरज पडायला नको होती. तो चेहरा दिसला आणि मला थोडं हायसं वाटलं, हीच तक्रार आहे माझी.

पण लगेच तो सावरतो. योशिमी समजून जाते की हे मूल सोडणार नाही, आणि सोडवून घेतलं तर इकुकोला धरेल. ती मित्सुकोला जवळ घेते, मी तुझी आई आहे म्हणते. इकुको रडत जिन्याने वर धावते, लिफ्टचा पाठलाग करत. वर दार उघडतं आणि आतून फक्त गढूळ पाणी कोसळतं. ज्या आईची सगळी लढाई मुलीला सोडायचं नाही यासाठी होती, तिला मुलीला वाचवायला मुलीलाच सोडावं लागतं. सिनेमाच्या सुरुवातीला पावसात शाळेच्या दारात आईची वाट बघणारी एक मुलगी आहे, ती लहानपणची योशिमी. मित्सुकोही अशीच कुणी न्यायला न आलेली. आता इकुको तिसरी. भुताला सूड नको होता, फक्त कुणीतरी घ्यायला यायला हवं होतं. म्हणून डाग वाढताना जी भीती वाटत होती, तिच्यात आता मागे वळून पाहिलं की लाज मिसळते. पाणी टपकणं म्हणजे हाक मारणं होतं, आणि आपण पण प्लंबरच बोलावत होतो.

शेवटी दहा वर्षांनंतरचा भाग जोडला आहे. मोठी झालेली इकुको ओसाड इमारतीत येते, घर आवरलेलं आहे, आई तशीच आहे. बऱ्याच जणांना हे शेपूट वाटतं. माझ्या लॅबमधल्या एका मित्राने तर लिफ्टच्या दृश्यावर सिनेमा संपतो असं ठरवूनच टाकलंय. मला ते हवंसं वाटतं, कारण त्यात एकही दचकवणारी गोष्ट नाही आणि आई मुलीची माफी मागते. पण यावर मी फार भांडणार नाही.

२००५ मध्ये याचा अमेरिकन अवतार आला, जेनिफर कॉनेलीचा, दिग्दर्शक वॉल्टर सालेस. काम नीट आहे, इमारत तर मूळ सिनेमापेक्षाही उदास आहे. तरी पाहायचा असेल तर जपानीच पाहा, आणि शक्यतो हेडफोन न लावता. वरच्या मजल्यावरची पावलं खोलीतून आली पाहिजेत, कानातून नाही.

माझ्या छताचं काम दिवाळीनंतर झालं. वरच्या बाथरूमच्या फरशीचे सांधे गेले होते. प्लंबरने सांगितलं ती जागा माझ्या डागापासून सहा फूट लांब होती, भिंतीच्या पलीकडे. पेन्सिलच्या रेघा अजून आहेत, पुट्टीखालून पुसट दिसतात.

पण त्याआधी एका रविवारी मी गच्चीवर गेले होते. काळी टाकी, झाकण अर्धं फुटलेलं, उडू नये म्हणून वर वीट ठेवलेली. चांगली भाजलेली, खणखणीत वीट, मी सवयीने वाजवून पाहिली. मग झाकण सरकवून आत टॉर्च मारला. तळाशी गाळ होता आणि एक प्लास्टिकचा मग. खाली येऊन सेक्रेटरी काकांना विचारलं, टाकी शेवटची कधी साफ केली होती? ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "तारीख लिहून ठेवायला पाहिजे, नाही का?"